पन्नास हजारांची उचल: एका अर्जाचे दोन मसुदे

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पंचवीस-तीस माणसांचा एक मशीन शॉप आहे. तिथल्या स्टोअरकीपरची आई ऑगस्ट 2024 मध्ये न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. अशा लहान कारखान्यांचे पगार करणाऱ्यांच्या टेबलावर उचलीचे अर्ज वरचेवर येतात. त्यांतलं हे एक प्रकरण. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि हिशेब डोळ्यांपुढे नीट यावा म्हणून आकडे ठोकळ केले आहेत.

म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की वेळ फार नसतो. शस्त्रक्रिया होईपर्यंत रुग्ण अंथरुणाला खिळतो. त्यातून छातीत कफ साठणं, पायात रक्ताच्या गाठी होणं, पाठीला जखमा होणं सुरू होतं. म्हणून डॉक्टर शक्यतो दोन दिवसांत शस्त्रक्रिया करायला सांगतात. स्टोअरकीपरला खासगी रुग्णालयाने तोंडी अंदाज सांगितला: 1,65,000 रुपये. त्याच संध्याकाळी त्याने वहीचं पान फाडून अर्ज लिहिला आणि मालकांच्या टेबलावर ठेवला. तो असा होता:

"मालक साहेब, माझ्या आईची तब्येत फार गंभीर आहे. ऑपरेशनला 1,65,000 रुपये खर्च आहे. तरी सदर रक्कम मला अॅडव्हान्स द्यावी ही नम्र विनंती. दरमहा पगारातून 10,000 रुपये कापून घ्यावेत. आपले उपकार मी कधी विसरणार नाही."

मालकांनी तो वाचला, "बघू" म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये टाकला. त्यांना कळवळा नव्हता असं नाही. सात वर्षं काम करणारा माणूस, एकदाही उचल न मागितलेला. पण त्यांच्या जागी बसून पाहिलं तर अर्जात निर्णय घेण्यासारखं काहीच नव्हतं. कारखान्याचा महिन्याचा पगार सहा लाखांच्या आसपास, तो सात तारखेच्या आत द्यायचा. गिऱ्हाइकांची बिलं दोन-तीन महिन्यांनी सुटणारी, त्यात वीस तारखेला जीएसटी. अशा ओढाताणीत एक लाख पासष्ट हजार एकदम काढून ते सतरा महिने अडकवायचे, आणि उद्या आणखी दोघं हाच अर्ज घेऊन आले तर त्यांना काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता. अर्जात त्याचं उत्तर नव्हतं. रुग्णालय कोणतं, शस्त्रक्रिया कधी, बाकी पैसे कुठून येणार, यांतलंही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेबनीस बाईंनी स्टोअरकीपरला समोर बसवलं. तो म्हणाला, "मॅडम, मालकांना सांगा की, दहा काय, बारा हजार कापा, पण पैसे आजच्या आज द्या." बाईंनी कॅल्क्युलेटर त्याच्याकडे सरकवला आणि दोन वेगळे हिशेब करायला घेतले. एक खर्चातल्या खड्ड्याचा आणि दुसरा हप्त्याचा. आधीच्या अर्जात हे दोन्ही चुकले होते.

आधी खड्डा. रुग्णालयाचा अंदाज म्हणजे मागायची रक्कम नव्हे, हे इतकं उघड आहे तरी दहांतले आठ अर्ज पूर्ण बिलाचा आकडा मागतात. माणूस घाबरलेला असतो आणि डोळ्यांसमोर तोच एक आकडा नाचत असतो. बाईंनी पहिलं काम सांगितलं ते रुग्णालयातून लेखी अंदाजपत्रक आणायचं, आणि त्यात इम्प्लांट धरलंय का हे विचारून यायचं. हाडांच्या शस्त्रक्रियेत इथेच गफलत होते. तोंडी सांगितलेल्या रकमेत शस्त्रक्रिया, भूल आणि खोली असते. आत बसवायचा सांधा, रक्त आणि बाहेरून आणायची औषधं वेगळी निघतात. या वेळी सुदैवाने सगळं धरलेलं होतं. पत्रकावर आणखी एक कामाची ओळ मिळाली: शस्त्रक्रियेआधी 80,000 भरायचे, उरलेले घरी सोडताना.

त्या एका ओळीने प्रकरणाचा रंग बदलला. एक लाख पासष्ट हजार "आजच्या आज" लागतच नव्हते. घरातली शिल्लक 30,000 होती, धाकटा भाऊ 25,000 देणार होता. म्हणजे शस्त्रक्रियेआधीच्या 80,000 पैकी 55,000 उभे होते आणि कमी पडत होते 25,000. घरी सोडताना लागणाऱ्या 85,000 साठी हाताशी आणखी एक सोय होती, ती म्हणजे पीएफ. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी, आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठीही, पीएफमधून न फेडण्याची आगाऊ रक्कम काढता येत होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे मर्यादा होती सहा महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा स्वतःच्या वाट्याची व्याजासह शिल्लक, यांतलं जे कमी असेल ते. याचा मूळ पगार 15,000, म्हणजे 90,000 पर्यंत. त्याने 60,000 चा दावा करायचं ठरवलं. पुढच्या म्हातारपणाचा पैसा आहे, निघतोय म्हणून सगळा ओरबाडू नये, असं बाईंचं मत होतं आणि ते मला पटतं.

पीएफचे 60,000 गेले की 85,000 मध्ये उरले पुन्हा 25,000. खड्डा झाला एकूण 50,000, तोही दोन टप्प्यांत. एक लाख पासष्ट हजारांची मागणी पन्नासवर आली, आणि त्यातले निम्मेच लगेच हवे होते.

मधे एक गोष्ट सांगून टाकतो. हा हिशेब करायच्याही आधी, रुग्ण अजून रुग्णवाहिकेत असतानाच, एक प्रश्न विचारायला हवा असतो: कोणत्या रुग्णालयात? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याच वर्षीपासून सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण लागू झालं, पण ते योजनेच्या यादीतल्या रुग्णालयातच आणि योजनेत बसणाऱ्या उपचारांनाच मिळतं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या सवलतीत ठेवाव्या लागतात. दुर्बल घटकाची वार्षिक उत्पन्नमर्यादा 3,60,000. स्टोअरकीपरचा पगार वर्षाला 3,36,000, म्हणजे तो त्यात बसला असता. पण आई दाखल झाली ती जवळच्या खासगी रुग्णालयात, जे यादीत नव्हतं आणि धर्मादायही नव्हतं. मोडलेल्या खुब्यासकट तिला पुन्हा हलवायला घरचे तयार नव्हते. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात पती, पत्नी आणि मुलंच होती, आईवडील नव्हते. बहुतेक लहान कारखान्यांत असंच असतं. कर्मचारी राज्य विम्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याची पगारमर्यादा 21,000 आहे.

आता हप्ता. हप्ता ठरवताना लोक एकूण पगाराकडे बघतात, आणि अर्ज मंजूर व्हावा म्हणून छाती फुगवून मोठा आकडा लिहितात. स्टोअरकीपरचा एकूण पगार 28,000. त्यातून पीएफ 1,800, व्यवसाय कर 200 आणि पतपेढीच्या जुन्या कर्जाचा हप्ता 4,500 जात होता. हातात पडायचे 21,500. यातून 10,000 कापले असते तर घरी गेले असते 11,500.

बाईंनी त्याच्याकडून घरखर्च लिहून घेतला. भाडं 5,500, वाणसामान, दूध आणि गॅस 6,500, मुलांची शाळा आणि बस 2,000, दुचाकीचं पेट्रोल 1,200, आणि आता नव्याने आईची औषधं व चालायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे 2,000. बेरीज 17,200. म्हणजे 4,000 चा हप्ता झेपत होता आणि वर 300 उरत होते; 5,000 चा झेपत नव्हता. फेब्रुवारीत व्यवसाय कर 200 ऐवजी 300 कापला जातो, त्या महिन्यात 200 च उरणार होते. इतका ताणलेला हिशेब कागदावर मांडला की दहा हजारांचं वचन किती पोकळ होतं ते कळतं. असा हप्ता दोन महिने चालतो. तिसऱ्या महिन्यात माणूस पगाराच्या दिवशी येऊन म्हणतो, "या वेळी नका कापू." चौथ्या महिन्यात तो बाहेरून व्याजाने पैसे उचलतो. मालकाच्या दृष्टीनेही चार हजारांचा नियमित हप्ता दहा हजारांच्या अडखळत्या हप्त्यापेक्षा बरा, कारण त्यावर रोखीचं गणित मांडता येतं.

इथे कायद्याचं कुंपण पाहून घेऊ. पगारातून काय कापता येतं याची यादी 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या कलम 7 मध्ये होती आणि दिलेल्या उचलीची वसुली त्या यादीत होती. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. सहकारी संस्थेचा हप्ता त्यात असेल तर पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत चालायचं. मात्र तो कायदा 24,000 पर्यंतच्या पगाराला लागू होता, म्हणून 2024 मध्ये हा स्टोअरकीपर काटेकोरपणे पाहिलं तर त्याच्या बाहेर होता. बाईंनी तरीही निम्म्याची रेघ पाळली. दहा हजारांच्या हप्त्याने एकूण कपात 16,500 झाली असती, म्हणजे जवळपास 59 टक्के. चार हजारांच्या हप्त्याने ती 10,500, म्हणजे साडेसदतीस टक्के. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली, त्यात ही पगारमर्यादा नाही. निम्म्याची रेघ आता सगळ्या कर्मचाऱ्यांना आहे आणि पतपेढीसाठीची पंचाहत्तर टक्क्यांची सवलत त्या कलमात दिसत नाही. ज्यांचे पतपेढीचे हप्ते मोठे आहेत त्यांच्या अर्जात उचलीचा हप्ता ठरवताना हे आता आधी तपासावं लागतं.

कपात कधीपासून, हाही प्रश्न साधा नाही. आईजवळ रुग्णालयात थांबायला त्याने बारा दिवस रजा घेतली. शिल्लक होती सात दिवसांची. उरलेले पाच दिवस बिनपगारी. 26 दिवसांच्या हिशेबाने ऑगस्टच्या पगारातून सुमारे 5,400 रुपये असेच जाणार होते. त्यावर पहिला हप्ताही त्याच महिन्यात कापला असता तर घर त्याच महिन्यात कोसळलं असतं. म्हणून कपात सप्टेंबरच्या पगारापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाती येणाऱ्या पैशांतून सुरू करायची असं ठरलं.

दिवाळीला मालक एकरकमी बक्षिसी देत. या माणसाला ती साधारण 15,000 मिळे. ती सगळी उचलीत वळती करा असं तो म्हणत होता. बाईंनी 6,000 लिहायला लावले. दिवाळीत पोरांना कपडे घेता आले नाहीत, तर घरात त्या उचलीचा राग बसतो, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही पण प्रत्येक हिशेबनिसाला माहीत असतं.

मग दुसरा अर्ज लिहिला गेला. संगणकावर, एका पानात:

दिनांक: __ ऑगस्ट 2024
प्रति,
मा. मालक / व्यवस्थापक

विषय: आईच्या तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी 50,000 रुपये बिनव्याजी उचल व पगारातून मासिक परतफेड.

महोदय,

मी आपल्या कारखान्यात सात वर्षांपासून स्टोअरकीपर म्हणून काम करतो. माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले असून तिच्यावर परवा शस्त्रक्रिया ठरली आहे. रुग्णालयाचे लेखी अंदाजपत्रक 1,65,000 रुपयांचे आहे. प्रत जोडली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी 80,000 व घरी सोडताना 85,000 रुपये भरायचे आहेत.

यांपैकी 55,000 रुपये मी व माझ्या भावाने उभे केले आहेत. 60,000 रुपयांसाठी पीएफचा दावा दाखल केला असून त्याची पोच जोडली आहे. आईला आरोग्य विमा नाही. कमी पडणारे 50,000 रुपये मला उचल म्हणून मिळावेत. त्यांतील 25,000 रुपये शस्त्रक्रियेपूर्वी थेट रुग्णालयाच्या बँक खात्यात भरावेत. उरलेली रक्कम अंतिम बिल पाहून, जास्तीत जास्त 25,000 रुपये, घरी सोडण्याच्या दिवशी भरावी.

परतफेडीसाठी सप्टेंबर 2024 च्या पगारापासून दरमहा 4,000 रुपये आणि या वर्षीच्या दिवाळीच्या रकमेतून एकदा 6,000 रुपये कापून घेण्यास माझी संमती आहे. पूर्ण रक्कम घेतल्यास परतफेड जुलै 2025 च्या पगारात संपेल. अडचण आल्यास पूर्वसूचनेने वर्षातून एक हप्ता पुढे ढकलण्याची मुभा असावी. ढकललेला हप्ता शेवटी जोडला जाईल. मला शक्य झाल्यास उरलेली रक्कम मुदतीपूर्वी भरता यावी.

परतफेड पूर्ण होण्यापूर्वी मी नोकरी सोडल्यास शिल्लक रक्कम माझ्या राहिलेल्या पगारातून व शिल्लक रजेच्या पैशांतून कायद्याच्या मर्यादेत वळती करावी. त्यानंतर काही उरल्यास ती मी तीन महिन्यांत हप्त्यांनी भरीन.

सोबत: रुग्णालयाचे अंदाजपत्रक, शस्त्रक्रियेच्या तारखेबाबत डॉक्टरांची चिठ्ठी, पीएफ दाव्याची पोच, रुग्णालयाच्या बँक खात्याचा तपशील.

आपला विश्वासू,
(सही)

या अर्जात "उपकार" नाही, "गंभीर" हा शब्दही नाही. ते काम जोडलेल्या कागदांनी केलं. मालकांचं लक्ष सगळ्यात आधी गेलं ते "थेट रुग्णालयाच्या खात्यात" या शब्दांवर. उचल कशासाठी घेतली आणि कुठे गेली हा संशय लहान कारखान्यात कायम असतो, उघडपणे कुणी बोलत नाही एवढंच. रक्कम परस्पर रुग्णालयात गेली की तो संशय उरत नाही, आणि मागणाऱ्यालाही मान खाली घालावी लागत नाही. दुसरा टप्पा अंतिम बिलावर सोडल्यामुळे गरजेपेक्षा जास्त कर्ज होण्याची वाट बंद झाली.

एक वाक्य मालकांना हवं होतं आणि बाईंनी ते घालू दिलं नाही. त्यांचं म्हणणं होतं, "नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटीतून कापून घ्या असं लिहून घ्या. सात वर्षं झालीत, बरीच रक्कम आहे." ग्रॅच्युइटीला कायद्याने संरक्षण आहे; न्यायालयाच्या वसुलीच्या हुकुमातही ती जप्त होत नाही. पीएफचंही तेच. माणसाने सही करून दिली म्हणून हे संरक्षण निघून जातं असं मानून चालणं धोक्याचं. उद्या वाद झाला तर तेच वाक्य मालकाविरुद्ध दाखवलं जाईल. सही केलेला कोरा चेक ठेवून घ्यायची कल्पनाही अशीच बाजूला पडली. राहिलेला पगार आणि रजेचे पैसे एवढाच खरा आधार असतो, आणि म्हणून उचलीची रक्कम माफक ठेवणं हीच मालकाची खरी सुरक्षितता.

आजाराचे कागद किती जोडायचे याबद्दल दोन शब्द. अंदाजपत्रक आणि तारखेची चिठ्ठी पुरे. क्ष-किरणांचे फोटो, रक्ताच्या तपासण्या, जुन्या आजारांची फाइल हे कारखान्याच्या कपाटात जायचं काही कारण नाही. स्वतः कर्मचारी आजारी असेल तेव्हा हे आणखी सांभाळावं.

मालकांनी अर्जाच्या खालीच मंजुरी लिहिली: रक्कम, दोन टप्पे, हप्ता, पहिल्या कपातीचा महिना, बिनव्याजी, आणि दोघांच्या सह्या. एक प्रत स्टोअरकीपरला दिली. ही प्रत देणं बरेच जण विसरतात, आणि मग वर्षभराने "माझे दहा हप्ते गेले", "नाही, नऊच" असा वाद पगाराच्या खिडकीशी रंगतो.

पुढे सगळं आखल्याप्रमाणे झालं नाही. पहिले 25,000 वेळेवर गेले आणि शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. पण पीएफचा दावा परत आला. जोडलेल्या पासबुकाच्या फोटोत नाव आणि खाते क्रमांक नीट वाचता येत नव्हता. पुन्हा दाखल केला, तोवर घरी सोडायचा दिवस उजाडला. 60,000 मेहुण्याने हातउसने दिले आणि पीएफ जमा झाल्यावर ते फिटले. मालकांकडे जादा पैसे मागायची वेळ आली नाही, हे नशीब. खरं तर दावा दाखल करायच्या आधी फोटो मोठा करून पाहायला हवा होता, आणि आधार, बँक आणि पीएफ खात्यातलं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का हेही. शस्त्रक्रियेच्या धावपळीत हे कुणाला सुचत नाही, म्हणून ही जुळवाजुळव निवांत दिवसांत करून ठेवावी.

अंतिम बिल 1,58,000 झालं, अंदाजापेक्षा सात हजारांनी कमी. दुसऱ्या टप्प्यात 25,000 ऐवजी 18,000 गेले. उचल राहिली 43,000. दिवाळीचे 6,000 वजा जाऊन 37,000, म्हणजे चार हजारांचे नऊ हप्ते आणि शेवटी एक हजार.

पगारपत्रकात एक घोटाळा होता होता राहिला. पगार करणाऱ्या नव्या मुलाने सप्टेंबरमध्ये हप्ता कपातीच्या रकान्यात न घेता मूळ पगारातूनच वजा केला. मूळ पगार 15,000 चा 11,000 झाला आणि पीएफ 1,800 ऐवजी 1,320 निघाला. हातात येणारी रक्कम जवळपास बरोबर दिसते, म्हणून ही चूक महिनोन् महिने लपून राहते. ओळखायची खूण एकच: उचल चालू असतानाही पगाराच्या चिठ्ठीवर एकूण पगार आणि पीएफ आदल्या महिन्याइतकेच दिसले पाहिजेत. हप्ता वेगळ्या ओळीत, आणि त्याच्या शेजारी उरलेली बाकी. हिशेबाच्या पुस्तकातही ही रक्कम पगारखर्चात धरायची नसते. ती कर्मचाऱ्याकडून येणं असते. रजेमुळे पगार कमी झाला तर पीएफ कमी होणं योग्य, उचलीमुळे नव्हे.

आयकराचा मुद्दा मालकांच्या सल्लागाराने काढला. मालकाने बिनव्याजी कर्ज दिलं तर वाचलेलं व्याज कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं; त्या वेळी 20,000 पर्यंतच्या कर्जाला यातून सूट होती आणि ही उचल त्याहून मोठी. पण नियमात दिलेल्या ठरावीक आजारांवरच्या उपचारासाठीच्या कर्जालाही सूट होती, आणि शस्त्रक्रिया लागणारं हाड मोडणं त्या यादीत आहे. विम्यातून परत मिळालेल्या रकमेला ही सूट मिळत नाही, पण इथे विमाच नव्हता. या पगारावर तसाही कर बसत नव्हता. तरी अर्जात आजार आणि विम्याची ओळ असल्यामुळे फाइलमध्ये वेगळं काही जोडावं लागलं नाही.

जानेवारी 2025 मध्ये स्टोअरकीपरने एक हप्ता पुढे ढकलायला सांगितलं. चिठ्ठीत एकच ओळ होती: दुचाकीचं इंजिन उघडलंय. कामावर यायला तीच. बाईंनी अर्जातल्या मुभेवर बोट ठेवलं आणि मालकांना विचारण्यापुरतंच विचारलं. जूनच्या पगारात नववा हप्ता गेला, जुलैच्या पगारात शेवटचे 1,000. त्या दिवशी उचलीच्या नोंदवहीत बाकी शून्य लिहून दोघांच्या सह्या झाल्या आणि "काही येणं नाही" अशी चिठ्ठी त्याला मिळाली.

तोवर हा अर्ज कारखान्यात फिरला होता. लग्नासाठी एकाने तसाच लिहून आणला, तो मालकांनी नाकारला. एका वेळी बाहेर असलेली उचल एकूण दीड लाखावर जाऊ द्यायची नाही आणि ती आजारपणासाठीच, असं त्यांनी ठरवलं होतं. मग पॅकिंगमधला एक हेल्पर आला, त्याच्या बायकोचं बाळंतपण अडलं होतं. त्याचा अर्ज अगदी नेटका होता, फक्त पत्ता चुकला होता. तो कंत्राटदाराचा माणूस. त्याचा पगार या कारखान्याच्या पगारपत्रकात नव्हता, त्यामुळे इथे कापायला काहीच नव्हतं. बाईंनी "प्रति" खालचं नाव बदलून कंत्राटदाराचं घातलं, पगाराची चिठ्ठी मागवून हप्ता पुन्हा मोजला, आणि मालकांकरवी कंत्राटदाराला फोन लावला. कंत्राटदार म्हणाला, मी उचल देतो, पण माझं गेल्या महिन्याचं बिल आधी सोडा. मालकांनी ते त्याच दुपारी सोडलं.